ज्येष्ठ नागरिकांच्या प्राप्तिकर सवलती (निवृत्तिवेतन व व्याज)

भारतात निवासी असलेल्या आणि आर्थिक वर्षात कधीही वयाची ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस प्राप्तिकर कायद्यात ज्येष्ठ नागरिक, तर ८० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस अतिज्येष्ठ नागरिक मानतात. १ एप्रिलला जन्मलेल्याचे वय आदल्या दिवशी, ३१ मार्चलाच पूर्ण झाले असे २०१६ च्या परिपत्रकाने ठरवले, त्यामुळे अशा व्यक्तीला सवलत एक वर्ष आधी मिळते. पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे असून कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

वयामुळे मिळणारी जादा करमुक्त मर्यादा फक्त जुन्या करपद्धतीत आहे. तिथे सर्वसाधारण करदात्याला अडीच लाख, ज्येष्ठाला ३ लाख आणि अतिज्येष्ठाला ५ लाख रुपयांपर्यंत कर नाही. नव्या पद्धतीत सर्वांनाच ४ लाखांची मर्यादा आहे, वय विचारात घेतले जात नाही. मात्र तिथे एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७अ ची सूट सारा कर माफ करते. म्हणून ‘ज्येष्ठांसाठी जुनी पद्धत बरी’ हा पेन्शनरांच्या कट्ट्यावरचा सल्ला आता बहुतेकांच्या बाबतीत चुकतो.

निवृत्तिवेतन पगाराच्या सदरात येते व त्यातून प्रमाणित वजावट मिळते. जुन्या पद्धतीत ती ५०,००० आणि नव्या पद्धतीत ७५,००० रुपये आहे. पतीच्या वा पत्नीच्या पश्चात मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र ‘इतर उत्पन्न’ ठरते. त्यातून एक-तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० (जुन्या पद्धतीत १५,०००), यांतील कमी रक्कम वजा होते. विवरणपत्र भरताना हे सदर चुकण्याचे प्रमाण बरेच असते.

व्याजासाठी कलम ८०टीटीबी २०१८-१९ पासून लागू झाले. बँक, बँकिंग व्यवसाय करणारी सहकारी संस्था व टपाल खाते यांतील ठेवींच्या व्याजातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. बचत खाते, मुदत ठेव, आवर्ती ठेव असा भेद नाही. कंपनी ठेवी व रोखे त्यात बसत नाहीत, आणि प्रत्येक पतसंस्थेची ठेव बसतेच असेही धरून चालू नये. हे कलमही केवळ जुन्या पद्धतीचे आहे.

एक उदाहरण. ६७ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचे वार्षिक निवृत्तिवेतन ५,४०,००० रुपये. टपालातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख असल्याने ८.२ टक्क्यांनी २,४६,००० रुपये व्याज. बँकेच्या मुदत ठेवींचे १,२०,००० आणि बचत खात्याचे ९,००० रुपये. एकूण ९,१५,०००. नव्या पद्धतीत ७५,००० वजा होऊन ८,४०,००० उरतात. त्यावरील २४,००० रुपये कर ८७अ मुळे शून्य होतो. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट, ८०टीटीबी, आरोग्य विम्याचा ५०,००० चा हप्ता आणि ८०सी चे दीड लाख असे सगळे वापरले, तरी उपकरासह ३४,३२० रुपये कर लागतो.

कर शून्य असला तरी उगमस्थानी कपात आपोआप थांबत नाही. एका बँकेतील सर्व शाखांचे मिळून व्याज वर्षात १ लाखाच्या पुढे गेले की १० टक्के कापले जातात (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५०,००० होती). पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. बचत खात्याच्या व्याजावर कपात नसते. या शिक्षिकेचे टपालात २४,६०० आणि बँकेत १२,००० रुपये कापले जातील. ते टाळण्यासाठी १५एच हा अर्ज आहे. वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर ८७अ ची सूट धरूनही कर शून्य येत असेल तर तो देता येतो. तो प्रत्येक बँकेत आणि टपालात वेगळा, दरवर्षी, शक्यतो एप्रिलमध्येच द्यावा. व्याज जमा होऊन कपात झाल्यावर बँक ती परत करत नाही. मग विवरणपत्र भरून परतावा मागणे हाच मार्ग उरतो. कपात झाली की नाही हे २६एएस विवरणात दिसते.

म्युच्युअल फंडाची युनिटे विकलेली असल्यास सावध राहावे. नव्या पद्धतीत विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या भांडवली नफ्यावरील करास ८७अ ची सूट लागत नाही, त्यामुळे कर शून्य आहे असे लिहून दिलेला १५एच खोटा ठरू शकतो. मुलांकडे परदेशात वर्षभर राहून अनिवासी ठरलेल्या आईवडिलांना १५एच आणि ८०टीटीबी यांचा लाभ नाही.

करपद्धतीची निवड विवरणपत्रातच करतात. काही न निवडल्यास नवी लागू होते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याला जुनी हवी असेल, तर ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात निवडावी लागते. मुदत उलटल्यावर जुनी पद्धत आणि तिच्यासोबत ८०टीटीबी, दोन्ही हातचे जातात. निवृत्तिवेतन देणारी बँक वा कोषागारही नवी पद्धत धरूनच कपात करते, म्हणून जुनी हवी असल्यास तसे लेखी कळवावे लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठाला आगाऊ कर भरण्याचे बंधन दोन्ही पद्धतींत नाही.