इन्व्हर्टर सारखा ‘टूं टूं’ करतोय? नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल तपासा

पावसाळा सुरू झाला की खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यात लाईटचा लपंडाव सुरू होतो आणि घरोघरी इन्व्हर्टरची परीक्षा लागते. लाईट गेली, पंखे फिरू लागले आणि पाचच मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागला, लाल दिवाही लागला. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो, ‘बॅटरी गेली.’ नव्या ट्युब्युलर बॅटरीला दहा-पंधरा हजारांच्या घरात पैसे मोजावे लागतात. त्यामुळे हा निष्कर्ष काढण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यायला हरकत नाही.

आधी आवाज नेमका कधी होतो ते पाहा. किती बीप म्हणजे काय, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ते माहितीपुस्तिकेतच सापडेल. पण वेळ सहसा फसवत नाही. लाईट जाताक्षणी किंवा एखादी वस्तू चालू करताच आवाज होऊन इन्व्हर्टर बंद पडला, तर तो ओव्हरलोड. काही मिनिटं चालून मग बॅटरीचा इशारा आला, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत.

ओव्हरलोडचं प्रकरण सोपं आहे. इन्व्हर्टरवर ९०० व्हीए लिहिलेलं असलं तरी तो ९०० वॅट देत नाही, साधारण ७०० वॅटच्या आसपास देतो. फ्रिज, मिक्सर किंवा पाण्याची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. असली एखादी वस्तू चुकून इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर ती काढा, रीसेट करा, प्रश्न मिटला. नवीन खोली बांधली, वायरमनने प्लग पॉइंट जवळच्याच लाईनवर जोडून दिला, असं आपल्याकडे सर्रास होतं.

आता खरा फसवा दोष. एक उदाहरण घेऊ. घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, १२ व्होल्टची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, वय तीन वर्षं. चालू काय, तर तीन पंखे, चार एलईडी बल्ब, टीव्ही आणि वायफायचा डबा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ३२० वॅट. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर बॅटरीतून ४०० वॅट निघतात. १२ व्होल्टला याचा अर्थ होतो ३३ अँपिअर. भिंतीतल्या वायरीत हाच लोड दीड अँपिअरसुद्धा नसतो, पण बॅटरीच्या जाड केबलीतून ३३ अँपिअर जातात. म्हणून तिथली किरकोळ ढिलाईसुद्धा महागात पडते.

या घरात लाईट गेल्यावर सहा-सात मिनिटांत बीप सुरू होतो. इन्व्हर्टर चालू असतानाच मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन ठिकाणी मोजायचं. पहिल्यांदा थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर, मग केबलीच्या टोकांवर. खुंट्यांवर आले १२.० व्होल्ट आणि केबलीच्या टोकांवर १०.७. बॅटरी ठीक आहे, पण इन्व्हर्टरला ते कळत नाही. त्याच्यापर्यंत १०.७ पोचतात, म्हणून तो ‘बॅटरी लो’ म्हणून ओरडतो. मधले १.३ व्होल्ट सांध्यात अडकले. ३३ अँपिअरने गुणलं तर सुमारे ४३ वॅट उष्णता एका नटबोल्टाखाली तयार होतेय. टर्मिनलजवळचं प्लॅस्टिक मऊ पडलेलं किंवा काळवंडलेलं दिसतं ते यामुळेच. असा सांधा आग लावू शकतो, त्यामुळे आवाजाकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे.

कुठला सांधा खराब, हेही मीटर सांगतो. एक पिन खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीला लावलेल्या केबलीच्या टोकावर ठेवा. चांगल्या सांध्यात ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. मीटर नसेल तर नजर टाका. पांढरट किंवा हिरवट भुकटी साचली असेल, किंवा केबल हलक्या हाताने हलते, तर तिथेच गडबड आहे. आपल्या दमट हवेत आणि ॲसिडच्या वाफेत अशी भुकटी धरायला फार दिवस लागत नाहीत.

साफ करताना क्रम चुकवू नका. इन्व्हर्टर बंद करा, त्याचा भिंतीतला प्लगही काढा. अंगठी, बांगडी, कडं उतरवून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना दोन्ही खुंट्यांना एकदम टेकला तर मोठी ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ विडी-काडी नको. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी केबल काढा, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने भुकटी धुवा, पण बॅटरीची झाकणं घट्ट बंद हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड बिघडेल. पुसून कोरडं करा, सॅण्डपेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा. जोडताना उलटा क्रम, लाल आधी आणि काळी शेवटी. नट घट्ट करा, पण जोर लावू नका, शिसं मऊ असतं. शेवटी वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. केबलीचं टोकच जळालं असेल तर नवं लावून घ्या.

वरच्या घरात साफसफाईनंतर केबलीच्या टोकावर ११.९ व्होल्ट आले आणि बीप बंद झाला.

पण खुंट्यांवरचंच व्होल्टेज झपाट्याने पडलं तर मात्र बॅटरीचंच वय झालेलं असतं. पूर्ण चार्ज करून काही तास विनालोड ठेवल्यावर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. तीच लोड दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ११ खाली आली, तर तिची क्षमता संपली आहे. हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल मोजा. पाच सेल १२४० च्या आसपास आणि एकच ११५० वर असेल, तर तो सेल गेलाय. चार्जिंगच्या वेळी एकाच सेलमध्ये जास्त खदखद होणं हीही त्याचीच खूण. ट्युब्युलर बॅटरी साधारण चार ते सहा वर्षं टिकते, कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली लहान सीलबंद बॅटरी दोन ते तीन. पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड ‘वाढवून’ देणाऱ्याला नको म्हणा.

गावाकडे आणखी एक प्रकार आढळतो. लाईट असताना बीप होतो. मागे मोडचा एक खटका असतो, तो यूपीएसवर असेल तर साधारण १८० व्होल्टखाली आल्यावर इन्व्हर्टर लाईट गेली असंच समजतो आणि बॅटरीवर चालतो. घरात लाईट आणि बॅटरी रिकामी, अशी गंमत होते. लो व्होल्टेजच्या भागात खटका नॉर्मलवर ठेवा. कॉम्प्युटर मात्र लाईट जाताना क्षणभर बंद पडू शकतो.

बॅटरी बदलायचीच ठरली तर वॉरंटी कार्ड आधी काढा. त्यावर पूर्ण बदलून देण्याची मुदत आणि त्यानंतर सवलतीची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. नवी देणारा दुकानदार ती परत घेऊन पैसे वळते करून देतो, भाव ठरवताना आधी तेवढं विचारा.