मेरुरज्जूचा अर्धछेद : दुबळेपणा एका बाजूला, वेदनालोप दुसऱ्या बाजूला

मेरुरज्जूचा अर्धा भाग कापला, तर छेदाखालचे त्याच बाजूचे स्नायू लुळे पडतात, हे गॅलेनने दुसऱ्या शतकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले होते. संवेदनेचे कोडे मात्र सुटायचे होते. मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या ब्राउन-सेकार याने १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये असेच छेद घेतले. उजवी बाजू कापल्यावर प्राण्याच्या उजव्या पायाला वेदना कळत राहिली. डाव्या पायाची मात्र गेली.

कारण असे, की दोन मार्ग वेगवेगळ्या ठिकाणी बाजू बदलतात. मेंदूकडून येणारे हालचालीचे बहुतेक तंतू लंबमज्जेतच ओलांडतात. पुढे ते त्याच बाजूने खाली जातात. वेदना व तापमानाचा मार्ग मेरुरज्जूत शिरल्यावर एक-दोन खंडांतच पलीकडे जातो. म्हणून एकाच छेदात हे दोन्ही मार्ग तुटतात, पण त्यांची लक्षणे विरुद्ध बाजूंना दिसतात.

समजा, बेंबीच्या पातळीवरील खंडात उजवीकडे सुरीचा वार झाला. उजवा पाय दुबळा होईल आणि डोळे मिटल्यावर त्याचा अंगठा वर आहे की खाली हे कळणार नाही, कारण स्थितीची जाणीव लंबमज्जेपर्यंत बाजू बदलत नाही. डाव्या पायाला टाचणी टोचलेली दुखणार नाही. ही सीमा वाराच्या पातळीपेक्षा थोडी खाली सुरू होईल.

प्रत्यक्षात छेद क्वचितच नेमका अर्धा असतो, त्यामुळे लक्षणे बहुधा मिश्र दिसतात. १८९४ मध्ये मृत्यूपूर्वी ब्राउन-सेकारलाही स्वतःच्या स्पष्टीकरणाविषयी शंका वाटली. पुढे १९११ मध्ये फिलाडेल्फियात स्पिलर व मार्टिन यांनी असह्य वेदनेसाठी मेरुरज्जूचा पुढच्या-बाजूचा भाग कापला. विरुद्ध बाजूची वेदना शमली आणि हा मार्ग माणसातही ओलांडतो, याला पुष्टी मिळाली.