मोसमी वाऱ्यांच्या दिशापालटाची कारणमीमांसा : खोडाळ्याच्या पठारावरील मे आणि जुलै

मोखाडे तालुक्यातील खोडाळे हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर वसलेले आहे. या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या चोविसाव्या तारखेच्या आसपास. आकाशातील सूर्याचे स्थान या दोन्ही दिवशी एकच; परंतु जमिनीवरील देखावा मात्र अगदी परस्परविरुद्ध. मेमध्ये पठारावरील माती तडकलेली असते, नागली-वरईच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाची राख शेतात कोरडी पडून असते आणि ओढ्यांत पाण्याचा थेंब दिसत नाही. जुलैत त्याच राबातील रोपे उपटून लावणी चालू असते, पश्चिमेकडून येणारा ओला वारा पठारावर अखंड आदळत असतो आणि डोंगरउतार धुक्यात नाहीसे होतात. वर्षभरात येथे अडीच ते तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

सूर्य तोच, जमीन तीच आणि समुद्रही सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर तोच. मग मेमध्ये न येणारा वारा जुलैत का येतो? मोसमी वाऱ्यांच्या उपपत्तीचा इतिहास हा मुख्यतः या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

वारे दिशा पालटतात, ही गोष्ट या किनाऱ्याला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातीलच सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक, या बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत आढळतो. हिंदुस्थानच्या सफरीस मिसरमधून जुलैत निघावे, असेही तीच मार्गदर्शिका सांगते. ‘मोसमी’ या शब्दाचे मूळही अरबी ‘मौसिम’, म्हणजे ऋतू, हेच होय. तथापि नाविकास वारा केव्हा पालटतो हे कळले म्हणजे पुरे. तो का पालटतो, याची विचारणा त्याच्या व्यवसायास आवश्यक नव्हती.

कारणाची पद्धतशीर मांडणी प्रथम एडमंड हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १६८६ साली केली. खलाशांच्या माहितीवरून त्याने उष्ण कटिबंधातील सागरांवरील वाऱ्यांचा नकाशा काढला आणि असे प्रतिपादन केले की, उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, तिच्यावरील हवा विरळ होऊन वर चढते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा धावते. हिवाळ्यात हाच क्रम उलटतो. दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वाहणारे वारे किनाऱ्यावरील प्रत्येकाच्या परिचयाचे असतात. हॅलीच्या उपपत्तीने त्याच खेळाचा विस्तार दिवसाऐवजी वर्षाएवढा आणि किनाऱ्याऐवजी खंडाएवढा केला.

मात्र वारे तिरके का वाहतात, याचा उलगडा हॅलीस करता आला नाही. तो १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली याने पृथ्वीच्या परिवलनावरून केला. फिरत्या पृथ्वीवर वाहणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते, असे या तत्त्वाचे आजचे स्वरूप आहे. दक्षिण हिंदी महासागरावरील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळू लागतात व नैर्ऋत्य वारे होऊन पश्चिम किनाऱ्यावर येतात. म्हणजे खोडाळ्यावर जुलैत येणाऱ्या हवेचा प्रवास अरबी समुद्रात सुरू होत नाही. तिचे मूळ दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेकडील उच्च वायुभाराच्या प्रदेशात आहे. पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशामुळे ती एका अरुंद पट्ट्यात दाबली जाऊन वेगवान होते. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील या प्रवाहाचे सविस्तर वर्णन जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केले.

दिशेचा प्रश्न असा सुटला, तरी काळाचा प्रश्न तसाच उरला. त्यावर नेमके बोट ठेवले ते जॉर्ज सिम्प्सन यांनी. सिमल्याच्या हवामान खात्यात त्यांनी काही वर्षे काढली होती. १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी तीन अडचणी पुढे मांडल्या. पहिली, हिंदुस्थान मे महिन्यात जुलैपेक्षा कितीतरी अधिक तप्त असतो. दुसरी, देशाचा सर्वांत तप्त भाग जो वायव्येकडचा, त्याच्या वाट्यास पाऊस जवळजवळ येतच नाही. तिसरी, ज्या वर्षी पाऊस अपुरा पडतो त्या वर्षी तापमान सरासरीहून अधिक असते. जमिनीची उष्णता हेच जर वाऱ्यास ओढणारे बळ असेल, तर तिन्ही ठिकाणी याच्या उलट घडावयास हवे होते. सिम्प्सन यांनी स्वतः सुचविलेल्या उत्तरापेक्षा त्यांचे हे आक्षेप अधिक टिकाऊ ठरले, असेच म्हणावे लागेल. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यांची दखल फारशी घेतली नाही.

या अडचणीचे निरसन होण्यासाठी ‘तापलेली हवा’ म्हणजे काय, हे अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे. हवेतील ऊर्जा तापमापकात दिसते तेवढीच नसते. बाष्पाच्या रूपाने तिच्यात सुप्त उष्णताही साठलेली असते. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे एक किलोज्यूल ऊर्जा लागते, तर तिच्यातील एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना अडीच किलोज्यूल मुक्त होते. आता पठारामागील प्रदेशातील मेच्या दुपारची हवा घ्यावी. तिचे तापमान ३८ अंश आणि प्रत्येक किलोग्रॅममध्ये १० ग्रॅम बाष्प आहे, असे समजू. शून्य अंशावरील कोरड्या हवेच्या मानाने तिची ऊर्जा ३८ अधिक २५, म्हणजे ६३ किलोज्यूल भरते. जुलैतील हवेचे तापमान २७ अंशच, परंतु बाष्प १९ ग्रॅम धरले, तर बेरीज २७ अधिक साडेसत्तेचाळीस, म्हणजे सुमारे साडेचौऱ्याहत्तर किलोज्यूल होते. अंगास थंड वाटणारी जुलैची हवा अशा रीतीने मेच्या होरपळणाऱ्या हवेहून ऊर्जेने संपन्न असते.

हा भेद केवळ हिशेबातला नव्हे. मेमधील तप्त कोरडी हवा एक-दोन किलोमीटर चढून थबकते. तिच्यावर खाली उतरणाऱ्या कोरड्या हवेचे झाकण असते. वायव्येकडील वाळवंटात असा उथळ न्यून वायुभार पुढे पावसाळ्यातही टिकतो आणि तरीही तेथे पाऊस पडत नाही. दमट हवेची गोष्ट निराळी. ती चढू लागली की बाष्पाचे पाणी होते, मुक्त झालेली उष्णता तिला आणखी वर ढकलते व ढगांचे स्तंभ बारा-पंधरा किलोमीटरांपर्यंत पोचतात. एका चौरस मीटरवर एका दिवसात एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर वरच्या हवेस सुमारे अडीच कोटी ज्यूल उष्णता मिळते. चोवीस तासांवर वाटल्यास ही सुमारे २९० वॅट होते. मेमधील निरभ्र दिवशी सूर्यापासून जमिनीस मिळणारी सरासरी ऊर्जाही साधारण इतकीच असते. पावसाच्या प्रदेशात हवेचा संपूर्ण स्तंभ अशा रीतीने तापतो, खालचा वायुभार कमी होतो आणि दूरवरची दमट हवा ओढली जाते. सूर्य हा मूळ कारण आहेच; परंतु त्याची उष्णता वाऱ्यास मिळते ती बहुतांशी समुद्राच्या बाष्पीभवनातून आणि नंतर पावसातून.

म्हणून आज प्रश्न असा विचारला जातो : उंच ढगांचा आणि पावसाचा पट्टा केव्हा कोठे असतो? पृथ्वीभोवती विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे एकत्र येतात, तेथे हा अभिसरण पट्टा असतो. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ आणि पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डी. आर. सिक्का यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील उपग्रह-छायाचित्रे दिवसागणिक तपासली. भारतावरील पावसाळी ढगांचा पट्टा हा या अभिसरण पट्ट्यासारखाच असून तो विषुववृत्तीय सागरावरून उत्तरेकडे सरकत भूभागावर येतो, असे त्यांनी १९८० मध्ये दाखविले. वाऱ्याची दिशा या पट्ट्याच्या जागेवरून ठरते. पट्टा भारतावर असला म्हणजे त्याकडे धावणारी दक्षिणेची हवा विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्य वारा होते. सूर्य दक्षिणेस गेला की पट्टाही जातो. जानेवारीत तो हिंदी महासागरावर विषुववृत्ताच्या दक्षिणेस असतो, आणि आता उत्तरेची हवा त्याकडे धावते. ती उत्तर गोलार्धात उजवीकडे वळून ईशान्य वारा होते. विषुववृत्त ओलांडल्यावर डावीकडे वळून वायव्य वारा होते. जुलैचे चित्र जणू आरशात उलटे दिसावे, तसे हे आहे. खोडाळ्याच्या पठारावर तेव्हा जमिनीवरून आलेली, वरून उतरलेली कोरडी हवा असते. सैबेरियातील गोठलेली हवा येथवर पोचते, ही समजूत मात्र बरोबर नाही. हिमालय तिला अडवितो.

मग भूमी आणि समुद्र यांच्या भेदास काहीच अर्थ नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकास जाणे होईल. बॉर्दोनी व श्नायडर यांनी २००८ मध्ये, सर्वत्र उथळ पाण्याचा थर असलेल्या कल्पित पृथ्वीवरही मोसमी पालटासारखी घटना गणिताने घडवून दाखविली. खंडाचा पृष्ठभाग झटपट तापतो, हीच त्यातील महत्त्वाची बाब. तो मातीचाच असला पाहिजे असे नाही. खोल महासागर सूर्यामागे फार सावकाश तापतो. भूमी लवकर तापते, म्हणूनच पट्टा वीस-पंचवीस अंशांपर्यंत उत्तरेस येऊ शकतो. हिमालयाच्या बाबतीत २०१० मध्ये बूस व कुआंग यांनी असे दाखविले की, तिबेटचे पठार काढून टाकून केवळ दक्षिणेकडील उंच रांग ठेवली, तरी भारतीय पावसाळा बराचसा शाबूत राहतो. पठाराने वरची हवा तापविण्याहून रांगेने उत्तरेची कोरडी हवा रोखणे अधिक मोलाचे ठरते.

मेच्या अखेरीस हे सर्व घटक जुळून येतात. समुद्रावरील बाष्प वाढलेले असते, हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहणारा उंचावरील पश्चिमी प्रवाह उत्तरेस सरकतो आणि पट्टा जागा बदलतो. केरळात पाऊस सरासरीने १ जूनला पोचतो व मुंबईस ११ जूनच्या सुमारास.

नव्या उपपत्तीची कसोटी पाहावयाची असेल, तर पावसाच्या खंडाकडे पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये कधीकधी पावसाचा पट्टा मध्य भारतावरून सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जातो. २००२ च्या जुलैत तर देशातील पाऊस सरासरीच्या जवळजवळ निम्म्यावर आला. अशा खंडात आकाश निवळते, जमीन पुन्हा तापू लागते आणि लावणी झालेली नागली पिवळी पडते. जुन्या उपपत्तीप्रमाणे या तापलेल्या जमिनीने समुद्रावरील हवा अधिक जोराने ओढावयास हवी; पाऊस मात्र नुसत्या तापण्याने परत येत नाही. विषुववृत्तीय सागरावर ढगांचा नवा पट्टा तयार होऊन उत्तरेकडे सरकू लागतो, तेव्हा तो परततो. आणि अशा दोन पट्ट्यांमधील अंतर दोन ते सहा आठवड्यांचे असते.