बशी आणि टाकी

पेनिसिलिनचा शोध अपघातानें लागला, असें म्हणण्याचा प्रघात आहे. हें म्हणणें खोटें नाहीं. पण आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. अपघातानें दृष्टीस पडली ती बुरशी. तिचें औषध होण्यास पुढें सोळा वर्षें लागलीं.

इ. स. १९२८ च्या सप्टेंबरांत लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांतील जंतुशास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीहून परतले. गळवें उत्पन्न करणारे जंतु वाढविलेल्या कांहीं कांचेच्या बशा तेथें पडून होत्या. एका बशींत बुरशी आली होती, म्हणजे ती टाकूनच द्यावयाची. परंतु बुरशीच्या भोंवतालचे जंतूंचे ठिपके विरून गेलेले त्यांस दिसले. बुरशींतून पाझरणाऱ्या या मारक द्रव्यास त्यांनीं पेनिसिलिन हें नांव दिलें व पुढील वर्षीं आपला निबंध प्रसिद्ध केला. तथापि तें द्रव्य शुद्ध करूं जातां नाश पावे; म्हणून जवळजवळ दहा वर्षें तें बाजूसच पडलें.

ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व हीटली यांनीं तें काम पुन्हां हातीं घेतलें. १९४० च्या मे महिन्यांत त्यांनीं आठ उंदरांस प्राणघातक जंतु टोंचले व त्यांपैकीं चौघांस पेनिसिलिन दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं औषध न मिळालेले चारी उंदीर मरून पडले होते. बाकीचे जिवंत होते. पण माणसास लागणारें औषध उंदराच्या कितीतरी पट! १९४१ च्या फेब्रुवारींत तें एका पोलीस शिपायास देण्यांत आलें. त्याचा ताप उतरला, तो जेवूं लागला. त्याच्या मूत्रांतून बाहेर पडलेलें औषध वेगळें काढून पुन्हां त्यासच टोंचलें. तरीहि कांहीं दिवसांत सांठा संपला. रोग उलटला व मार्चमध्यें तो मरण पावला.

औषध अपुरें कां पडलें? बुरशीस हवा लागते, म्हणून ती सायीसारखी द्रवाच्या पृष्ठभागावरच धरते. त्यामुळें उथळ भांडीं शेंकड्यांनीं मांडावीं लागत. त्याच वर्षीं फ्लोरी व हीटली अमेरिकेंत गेले. इलिनॉय संस्थानांतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेंत मक्याचा स्टार्च काढतांना उरणारें पाणी बुरशीस खाद्य म्हणून घालतांच उत्पन्न अनेक पटींनीं वाढलें. तेथेंच एका खरबुजावर अधिक जोमदार बुरशीहि सांपडली. मग मोठाल्या बंद टाक्यांत निर्जंतुक हवा सोडून व द्रव सतत घुसळून, बुरशी द्रवाच्या पोटांत वाढविण्याची युक्ति साधली. यांत एकच धास्ती असे. परका जंतु आंत शिरला, तर पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य उत्पन्न होऊन सारी टाकी वायां जाई. १९४४ च्या मार्चमध्यें ब्रुकलिन येथें फायझर कंपनीनें प्रत्येकीं सुमारें ७,५०० गॅलनांच्या चौदा टाक्यांचा कारखाना चालू केला. जूनमध्यें दोस्तांचें सैन्य नॉर्मंडींत उतरलें, तेव्हां जखमी सैनिकांसाठीं पेनिसिलिन तयार होतें. पुण्याजवळ पिंपरी येथील सरकारी कारखान्यांत १९५५ सालीं तें होऊं लागलें, तेंहि टाक्यांतच.

फ्लेमिंग यांच्या बशीचें चित्र आपण सर्वत्र पाहतों. टाकीचें क्वचितच पाहतों. त्या शिपायाचा प्राण मात्र टाकीनेंच वांचला असता.