अपेक्षित मौद्रिक मूल्य आणि निर्णयवृक्ष (बांधावे की विकत घ्यावे)

अनिश्चित परिस्थितीत एखाद्या पर्यायाचे जे जे परिणाम संभवतात, त्यांतील प्रत्येकाची रुपयांतील किंमत त्याच्या संभाव्यतेने गुणून येणाऱ्या गुणाकारांची बेरीज म्हणजे त्या पर्यायाचे अपेक्षित मौद्रिक मूल्य. कोणता निर्णय आधी, कोणती घटना नंतर आणि त्या घटनेनंतर पुन्हा कोणता निर्णय, हा क्रम फांद्यांनी दाखवणारी आकृती म्हणजे निर्णयवृक्ष. जिथे निवड आपल्या हाती असते तिथे चौकोन काढतात, जिथे ती नसते तिथे वर्तुळ. वृक्ष डावीकडून उजवीकडे वाढवतात, हिशेब मात्र टोकाकडून मुळाकडे करतात. वर्तुळापाशी सरासरी काढायची, चौकोनापाशी सर्वांत सरस फांदी ठेवून बाकीच्या छाटायच्या.

अपेक्षित मूल्याची कल्पना पास्कल आणि फेर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारात आढळते. अर्धवट राहिलेल्या जुगारातील पैसे कसे वाटावेत, हा तिथला प्रश्न होता. व्यवसायातील निर्णयांना तिची पद्धतशीर जोड हार्वर्डमधील रॉबर्ट श्लायफर आणि हॉवर्ड रायफा यांनी दिली. जॉन मॅगी यांच्या १९६४ मधील लेखाने निर्णयवृक्ष व्यवस्थापकांपर्यंत पोचवला.

पद्धत कशी चालते हे उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून एक काल्पनिक दूध संघ घेऊ. गावोगावच्या संस्थांकडून येणाऱ्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ यांनुसार दर लावणे, दर दहा दिवसांचे बिल काढणे, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची रक्कम कापणे, दिवाळीला दूधफरक वाटणे, एवढ्या कामासाठी संघाला नवी संगणकप्रणाली हवी आहे. ती स्वतःच्या संगणक विभागाकडून बांधून घ्यावी की तयार विकत घ्यावी? पुढील सर्व आकडे पाच वर्षांच्या एकूण खर्चाचे, लाख रुपयांत आहेत. खर्चाचा हिशेब असल्यामुळे जिथे आकडा कमी, तो पर्याय सरस.

आधी तयार प्रणाली पाहू. परवाना आणि वार्षिक शुल्क मिळून ३६. संघाच्या कपातींची पद्धत प्रणालीत थोड्या फेरफाराने बसली, तर आणखी ६ लागून एकूण ४२. ती बसलीच नाही, तर पुन्हा निवड करावी लागते. विक्रेत्याकडून मोठे बदल करून घेण्यास ३० लागतात, आणि कपाती बाहेर एक्सेलमध्ये करायला कारकून ठेवला तर पाच वर्षांत २४. कारकून स्वस्त पडतो, म्हणून ही फांदी ६० वर थांबते. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरल्या, तर विकत घेण्याचे अपेक्षित मूल्य (०.५ × ४२) + (०.५ × ६०) = ५१.

बांधण्याच्या फांदीला तीन टोके आहेत. काम सुरळीत झाले तर ४० (संभाव्यता ०.४), रखडून पुरे झाले तर ५८ (०.४), आणि ३० खर्च झाल्यावर ते पार अडकले (०.२), तर पुन्हा एक चौकोन. नेटाने पुढे रेटल्यास आणखी ४० किंवा ८० लागतील, दोन्हींची शक्यता सारखी, म्हणजे सरासरी ६०. काम सोडून तयार प्रणाली घेतली, तर वर पाहिल्याप्रमाणे सरासरी ५१. प्रत्यक्ष बैठकीत नेमके इथे घोडे पेंड खाते. ‘तीस लाख घातलेत, ते बुडवायचे का?’ असा प्रश्न कोणीतरी हमखास विचारतो. पण ते तीस लाख दोन्ही फांद्यांत सारखेच असल्याने तुलना ६० आणि ५१ यांचीच उरते. म्हणून सोडून देणे बरे, आणि या टोकाची किंमत ८१. एकूण बांधणीचे अपेक्षित मूल्य १६ + २३.२ + १६.२ = ५५.४. विकत घेणे ४.४ लाखांनी सरस ठरते.

हा ४.४ चा फरक कशावर उभा आहे, हे तपासल्याखेरीज निष्कर्षाला अर्थ नाही. एक आकडा हलवून पाहावा. बाकी सारे तसेच ठेवून तयार प्रणाली न बसण्याची संभाव्यता वाढवत नेली, तर सुमारे ०.८ ला दोन्ही पर्याय सारखे होतात. म्हणजे संचालक ०.५ म्हणोत की ०.७, निर्णय बदलत नाही. त्यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही. बांधणीचे काम सुरळीत होण्याची शक्यता मात्र ०.४ ऐवजी सुमारे ०.६५ असेल (आणि अडकण्याची ०.२ तशीच राहील), तर बांधणे पुढे जाते. त्यामुळे तो आकडा कोणी दिला हे महत्त्वाचे. तो बांधायला उत्सुक असलेल्या विभागप्रमुखाच्या अंदाजातून घेऊ नये. त्याच विभागाची मागची कामे किती वेळात आणि किती खर्चात पुरी झाली, त्यावरून काढावा, आणि तोही उत्तर कोणत्या बाजूला झुकते हे कळण्याआधी लिहून ठेवावा.

सर्वाधिक आढळणारी चूक आकृतीतच दिसते. बांधणीच्या बाजूला फांद्यांचे जाळे असते आणि खरेदीच्या बाजूला दरपत्रकातला एकच आकडा. विकत घेण्यात धोका नसतो असे गृहीत धरले की खरेदी नेहमीच स्वस्त दिसते. वरच्या हिशेबात ४२ हा एकच आकडा धरला असता, तर कारकुनाचे २४ लाख कोणाच्या नजरेलाही पडले नसते.

वृक्षातून आणखी एक किंमत काढता येते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच सर्वांत उपयोगी: माहितीची किंमत. निर्णयाआधीच कपाती बसतील की नाही हे खात्रीने कळले, तर? बसणार असतील तर खरेदी करावी, खर्च ४२. बसणार नसतील तर खरेदी ६० ला पडते आणि बांधणी ५७.२ ला (अडकल्यास सोडून घेण्याची प्रणालीही आता ६० ची, म्हणून ते टोक ९०). तेव्हा बांधावे. दोन्हींची सरासरी ४९.६, म्हणजे ५१ पेक्षा १.४ ने कमी. अचूक माहितीलाही यापेक्षा जास्त मोल नाही.

मर्यादाही आहेत. ५१ लाख हा खर्च प्रत्यक्षात कधीच होणार नाही, होईल तो ४२ किंवा ६०. अशी अनेक कामे सतत करणाऱ्या संस्थेला सरासरी उपयोगी पडते. एकदाच निर्णय घेणाऱ्या संघाने सर्वांत वाईट टोकही पाहावे. खरेदीत ते ६० आहे, तर बांधणीत काम सोडून घेतलेली प्रणालीही बसली नाही, तर ९०. तिजोरीत ७० लाखच असतील, तर बांधणीचे अपेक्षित मूल्य कमी निघाले असते तरी ती झेपली नसती. पैशाच्या रकमेपेक्षा त्याची निर्णय घेणाऱ्याला वाटणारी उपयुक्तता मोजावी, हे डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडले होते. शिवाय पाच वर्षांतील खर्च वेगवेगळ्या वेळी होत असल्याने काटेकोर हिशेबात ते आजच्या मूल्यात आणावे लागतात. इथे सोपेपणासाठी ते गाळले आहे.

या संघापुरते बोलायचे, तर विक्रेत्याकडून एका गावच्या संस्थेची दहा दिवसांची बिले, सर्व कपातींसह, चाचणी म्हणून काढून घ्यावीत. त्यासाठी एक लाख मागितले तर द्यावेत, दोन मागितले तर चाचणी न करता थेट विकत घ्यावे.