न चढलेला ताप

माझ्या संग्रहात कृष्णाकाठच्या घरांतून ऐकलेल्या आजारपणांच्या हकिकतींच्या चार वह्या आहेत. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेली काही वर्षे फिरून म्हाताऱ्या माणसांच्या शेवटच्या किंवा शेवटच्या ठरता ठरता राहिलेल्या दुखण्यांविषयी मी विचारत आलो. या वह्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येते, "ताप नव्हता, म्हणून थांबलो." घशाच्या दुखण्यांत तर ते हमखास येते. या वाक्यामागे तापाविषयीची जी समजूत आहे ती कोठून आली आणि वृद्धांच्या बाबतीत ती किती खरी आहे, हे शोधणे हा या लेखाचा विषय आहे.

घशाचा जीवघेणा आजार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोग सांगताना कंठाचे सतरा रोग मोजले आहेत. त्यांत 'गलौघ' नावाचा एक आहे. गळ्यात मोठी सूज येते, ती अन्नपाणी अडवते, श्वासाची वाट बंद करते, आणि सोबत तीव्र ज्वर असतो, असे त्याचे वर्णन आहे. वर्णन नेमके आहे, पण त्यातला ज्वर लक्षात ठेवण्यासारखा आहे. सूज आणि ताप यांची जोडी तेव्हापासून पक्की आहे, आणि घराघरांतली समजूतही तीच आहे.

युरोपात हाच आजार १८३६ मध्ये स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग या डॉक्टरने पाच रुग्णांवरून मांडला. आजही डॉक्टर त्याला लुडविगच्याच नावाने ओळखतात. त्याने टिपलेली गोष्ट अशी, की हनुवटीखाली आणि मानेत फळीसारखी कडक सूज येते, जिभेखालचा भाग वर उचलला जातो, पण खुद्द घसा पाहिला तर त्या मानाने फार लाल किंवा सुजलेला दिसत नाही. याचे कारण पुढे कळले. या आजाराची सुरुवात बहुधा घशात नसून खालच्या दाढेच्या मुळाशी असते. दाढेचा पू जबड्याच्या आतल्या बाजूने जिभेखालच्या जागेत उतरतो, आणि तिथून सूज जिभेला वर व मागे ढकलते. माणूस मात्र "घसा दुखतो" एवढेच सांगतो, कारण गिळताना त्याला तिथे लागते. टॉर्च घेऊन घशात पाहणाऱ्याला फारसे काही दिसत नाही, आणि दोघांचेही समाधान होते.

तापाची मोजणी त्यानंतरची. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिखने सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेतले तापमान घेऊन १८६८ मध्ये आपला ग्रंथ छापला. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हा आकडा त्याच्यामुळे रूढ झाला. त्याच्या वेळचा थर्मामीटर फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटे धरावा लागे. इंग्लंडात क्लिफर्ड ऑलबटने सहा इंची थर्मामीटर काढला तेव्हा कोठे ते काम पाच मिनिटांवर आले आणि हे यंत्र डॉक्टरांच्या खिशात मावू लागले. पुढे ते आपल्या देवळीत, कपाटात येऊन बसले. त्याच्यासोबत आलेला आकडा सगळे विसरले नाहीत. वुंडरलिखने लिहून ठेवलेली दुसरी गोष्ट मात्र सोबत आली नाही. म्हाताऱ्या माणसांचे तापमान तरुणांपेक्षा सुमारे अर्ध्या अंश सेल्सिअसने कमी असते, हे त्यालाही दिसले होते.

त्याच काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात ज्याँ मार्टिन शार्को काम करत होता. तिथे हजारो गरीब वृद्ध स्त्रिया कायमच्या राहत असत. एकाच ठिकाणी इतके म्हातारपण रोज पाहण्याची संधी तेव्हा क्वचितच कोणाला मिळाली असेल. १८६७ मध्ये छापलेल्या वृद्धांच्या आजारांवरील व्याख्यानांत त्याने दाखवले, की वृद्धांत गंभीर दाह फारशी कुरकुर न करता आत वाढत राहतो. काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतो, कातडी थंड आणि आतले अंग तापलेले असू शकते, म्हणून गुदद्वारातून तापमान घ्यावे, असा त्याचा आग्रह होता.

शार्कोने पाहिले त्याची कारणे आता बरीचशी माहीत आहेत. ताप हे जंतूंचे काम नसते, तो शरीर स्वतः चढवते. त्यासाठी रक्तातल्या पेशींनी मेंदूला निरोप द्यावा लागतो, मेंदूने पातळी वाढवावी लागते, मग कातडीकडचा रक्तपुरवठा आवळून आणि स्नायू थरथरवून उष्णता साठवावी लागते. वार्धक्यात यातली प्रत्येक पायरी मंद होते. स्नायू उरलेले नसतात, त्यामुळे थंडी वाजून अंग कापणेही कमी होते. त्यात गुडघेदुखीसाठी रोज पॅरासिटामॉल किंवा दम्यासाठी स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर उरलासुरला तापही दबतो. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी वीस ते तीस टक्क्यांत ताप कमी येतो किंवा येतच नाही. वेदनेचेही तसेच. जुना मधुमेह असेल, स्मृती गेलेली असेल, तर दुखते ते जाणवत नाही किंवा सांगता येत नाही.

आता एक हकिकत सविस्तर देतो. वाळवा तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट आहे. (हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता.) म्हातारीचे वय ऐंशीच्या पुढे, शरीर वाळलेले, खालच्या जबड्यात चारच दात. सांगणारी त्यांची सून. तिच्याच क्रमाने मी ती लिहून घेतली.

पहिल्या दिवशी सकाळी म्हातारी म्हणाली, घसा खवखवतोय. सुनेच्या लक्षात राहिले ते वेगळेच. "आत्तींनी त्या दिवशी मशेरीची डबी उघडलीच न्हाई. चाळीस वर्सांत असं झालं न्हवतं." काखेत थर्मामीटर लावला, ९७.८. गावातल्या डॉक्टरांनी घसा पाहिला, थोडा लाल आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी तोंडात तशीच राहिली, गालात घास धरून म्हातारी बसून होती. दुपारी उशी लाळेने भिजली. आवाज जाड झाला, तोंडात काही धरून बोलावे तसा. संध्याकाळी तिने नातवाला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. घरातले हसले. थर्मामीटर पुन्हा लावला, ९८.४. मूळच्या ९७ च्या आसपासच्या अंगासाठी ही चढणच होती, पण आकडा ९८.६ च्या खाली म्हणून कोणी दखल घेतली नाही. रात्री ती आडवी पडेना, पुढे वाकून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे सुनेने हनुवटीखाली हात लावला तर जागा लाकडासारखी लागली. तासाभरात गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली.

कृष्णाकाठाला मिरज या कामासाठी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ओळखीची आहे. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, आणि त्यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले. आज तिथे रुग्णालये अनेक आहेत. म्हातारीला नेले त्या ठिकाणी आधी औषध दिले नाही, आधी श्वासाची वाट सांभाळली, मानेतून श्वासनळीत भोक पाडून नळी घातली. श्वास मिनिटाला २८, वरचा रक्तदाब ९४, आणि गुदद्वारातले तापमान १०१.२. साखर साडेतीनशेच्या वर निघाली, मधुमेह आहे हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. मग शिरेतून प्रतिजैविके, हनुवटीखाली चीर देऊन पू काढणे, आणि किडलेली दाढ काढणे. ती दाढ कधीच दुखली नव्हती. म्हातारी वाचली. एवढ्या उशिरा आलेली सगळी वाचत नाहीत. माझ्या वह्यांतल्या अशा तीन हकिकतींपैकी वाचलेली ही एकच.

या हकिकतीत ताप सोडून बाकी सगळी लक्षणे पहिल्या दोन दिवसांतच हजर होती. रोजची सवय मोडणे, घास गालात राहणे, लाळ न गिळता येणे, आवाज जाड होणे, नवा गोंधळ, आडवे न पडवणे. आज वृद्धाश्रमांतल्या रुग्णांसाठी डॉक्टर ज्या कसोट्या लावतात त्याही याच दिशेच्या आहेत. तोंडातले तापमान एकदा जरी १०० च्या वर गेले, किंवा वारंवार ९९ च्या वर राहिले, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंश फॅरनहाइटने चढले, तरी तो ताप मानावा. म्हणजे निरोगी असतानाचा आकडा लिहून ठेवलेला नसेल तर तिसरी कसोटी लावताच येत नाही. श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून मोजावेत. स्वस्थ बसलेल्या वृद्धाचे श्वास बावीस किंवा त्याहून वर गेले, वरचा रक्तदाब शंभरपर्यंत उतरला, आणि भान बदलले, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर संसर्ग रक्तापर्यंत पोचल्याचा संशय घ्यावा लागतो.

घशासाठी आणखी तीन गोष्टी पाहता येतात. तोंड उघडून दोन बोटे उभी आत मावतात का, जीभ बाहेर काढता येते का, आणि हनुवटीखालचा भाग मऊ आहे का. यांत अडचण असेल, किंवा लाळ गळत असेल, श्वासाला घरघर असेल, तर घशात चमचा घालून पाहू नये, पाणी पाजण्याचा आग्रह करू नये, आणि माणसाला उताणे झोपवू नये. बसवूनच रुग्णालयात न्यावे. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या माणसाचा घसा दुखला तर त्या दिवशीच रक्ताची तपासणी हवी, कारण या औषधांनी कधी कधी पांढऱ्या पेशी फार कमी होतात.

या सगळ्याला मर्यादाही आहे. वृद्धांचे बहुतेक घसे साध्या सर्दीचे असतात आणि आपोआप बरे होतात. गोंधळ हा मूत्रसंसर्गाने, औषधाने, नुसते पाणी कमी पडल्यानेही होतो. एका लक्षणावरून काही ठरत नाही, काल आणि आज यांत काय बदलले यावरून ठरते. तो बदल ओळखणारा माणूस बहुधा घरातलाच असतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सुनेला पहिला प्रश्न तापाचा विचारला नाही. "एरवी त्या काय काय करतात, आणि त्यातलं काय बंद झालं?" असे त्यांनी विचारले. तिने मशेरीच्या डबीपासून सांगायला सुरुवात केली, आणि त्यांनी ते कागदावर उतरवून घेतले.