बीदरहून हेरातला पत्र

दोह्यात राहून हुर्मुझचं नाव आपण बातम्यांत ऐकतो, ते तेलाच्या जहाजांमुळे. साडेपाचशे वर्षांपूर्वी तिथून घोडे निघत आणि आपल्या चौल-दाभोळला उतरत. आज सांगायचं आहे ते त्याच वाटेने उलट गेलेल्या पत्रांबद्दल.

महमूद गावान हा इराणच्या गिलानचा व्यापारी. १४५३ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, तो दाभोळला उतरला आणि बीदरला गेला. बीदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचं, आजही मराठी ऐकू येणारं गाव. तेव्हा ती बहमनी सुलतानांची राजधानी होती. व्यापारासाठी आलेला हा माणूस पुढे वजीर झाला. त्याला मिळालेली पदवीही त्याला साजेशी होती: मलिक-उत-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा.

निकितिन हा रशियन व्यापारी त्याच काळात बीदरला आला होता. त्याच्या टिपणांत ही पदवी येते आणि बाजारही येतो. चौलला उतरून तो एक घोडा घेऊन निघाला. जुन्नरच्या खानाने तो हिसकावला, मग परत दिला, आणि शेवटी तो बीदरला विकला गेला.

म्हणजे बाजार होताच. गावानला उणीव वाटत होती ती विद्वानांची. त्याने हेरातला कवी जामीला पत्रं लिहून बीदरला बोलावलं. जामी काही आला नाही, पण पत्रव्यवहार चालू राहिला. गावानने १४७२ मध्ये तीन मजली मदरसा उभा केला. दर्शनी भागावर रंगीत फरशांत अक्षरं, आत शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी खोल्या, आणि तीन हजार ग्रंथांचं ग्रंथालय. त्याची पत्रं ‘रियाझ-उल-इन्शा’ या संग्रहात आहेत. पत्र कसं लिहावं यावरही त्याने वेगळं पुस्तक लिहिलं.

आणि त्याचा जीव गेला तो पत्रामुळेच. फिरिश्ता सांगतो की दरबारातल्या विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मग त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतानापुढे गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. मजकूर कुणी लिहिला याची चौकशीच झाली नाही. सत्तरीतल्या वजिराचं डोकं ५ एप्रिल १४८१ रोजी उडवलं गेलं.

नंतर सुलतानाने त्याची संपत्ती शोधायला लावली. खजिनदाराने सांगितलं की मालक स्वतःच्या व्यापारातल्या पैशावर जगत होते, आणि पुस्तकं विद्यार्थ्यांची आहेत.

१६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग पडला. एक मिनार अजून उभा आहे. सुट्टीत लातूर-उदगीरकडे गेलात तर बीदरपर्यंत जा आणि त्या मिनारावरच्या निळ्या फरशा मुलांना दाखवा.